COUNTIFS ने वर्गवार क्रमांक: प्रत्येक वर्गात क्रमांक पुन्हा 1 पासून

सगळ्या वर्गांचे गुण एकाच एक्सेल शीटमध्ये आहेत आणि प्रत्येक वर्गाचा पहिला, दुसरा, तिसरा वेगळा काढायचा आहे. अशा वेळी बहुतेक जण RANK वापरतात. मग 8ब मधल्या पहिल्या मुलीला 2 क्रमांक मिळतो, कारण 8अ मधल्या कुणाला तरी तिच्यापेक्षा जास्त गुण आहेत. RANK ला वर्ग ही गोष्टच कळत नाही. त्याला फक्त गुणांची यादी दिसते.

मग वर्गवार सॉर्ट करून प्रत्येक वर्गासाठी RANK ची रेंज हाताने बदलली जाते. दहा वर्ग असतील तर दहा वेळा. शेवटच्या क्षणी एखाद्याचे गुण दुरुस्त झाले आणि शीट पुन्हा सॉर्ट झाली की त्या हाताने दिलेल्या रेंजमध्ये भलत्याच वर्गाच्या ओळी येतात. COUNTIFS चा एकच फॉर्म्युला हे सगळं काम करतो आणि त्यासाठी शीट सॉर्ट असण्याचीही गरज नसते. पण तो काही ठिकाणी गुपचूप चुकतो, एरर न दाखवता. म्हणून आधी तयारी, मग फॉर्म्युला, मग तपासणी, हा क्रम मोडू नका.

## फॉर्म्युल्यामागचा विचार

क्रमांक म्हणजे काय? माझ्या वर्गात माझ्यापेक्षा जास्त गुण असलेले किती जण आहेत ते मोजायचं आणि त्यात 1 मिळवायचा. पुढे कुणीच नसेल तर 0 + 1, म्हणजे पहिला. पुढे तिघं असतील तर चौथा.

COUNTIFS हेच मोजतो: वर्ग तोच आणि गुण जास्त, या दोन्ही अटी ज्या ओळीत एकदम पूर्ण होतात तेवढ्या ओळी. पुढे एखादा क्रमांक विचित्र दिसला तर एकच प्रश्न विचारा: या मुलाच्या पुढे कोण चुकून मोजलं गेलं, किंवा कोण मोजायचं राहिलं? खाली दिलेली जवळजवळ प्रत्येक चूक या प्रश्नाने सापडते.

उदाहरणासाठी ही छोटी शीट घेऊ. पहिल्या ओळीत शीर्षकं आहेत, माहिती ओळ 2 ते 11 मध्ये आहे आणि एकूण गुण 600 पैकी आहेत.

| ओळ | A हजेरी क्र. | B वर्ग | C गणित | D एकूण |
|---|---|---|---|---|
| 2 | 1 | 8अ | 88 | 512 |
| 3 | 2 | 8अ | 91 | 548 |
| 4 | 3 | 8अ | 79 | 512 |
| 5 | 4 | 8अ | 64 | 431 |
| 6 | 5 | 8अ | 83 | 497 |
| 7 | 1 | 8ब | 72 | 466 |
| 8 | 2 | 8ब | 90 | 531 |
| 9 | 3 | 8ब | 81 | 500 |
| 10 | 4 | 8ब | 58 | 390 |
| 11 | 5 | 8ब | 81 | 500 |

क्रमांक E कॉलममध्ये काढायचा आहे.

## टप्पा 1: वर्गाचं नाव सगळीकडे अक्षरशः सारखं करा

COUNTIFS साठी "8अ" आणि "8अ " हे दोन वेगळे वर्ग आहेत. दुसऱ्यात शेवटी एक स्पेस आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ज्याच्या वर्गनावात ती स्पेस आहे तो मुलगा एकट्याच्याच वर्गात बसतो आणि अर्थातच तिथे पहिला येतो. "8 अ" आणि "8-अ" हेही वेगळेच. इंग्रजी अक्षरांत मात्र लहान-मोठ्याचा फरक पडत नाही, "8A" आणि "8a" एकच मानले जातात.

तपासायला वर्गाचा कॉलम कॉपी करून रिकाम्या जागी चिकटवा आणि त्यावर Data मधलं Remove Duplicates चालवा. जितके वर्ग तितकीच नावं उरली पाहिजेत. एकच नाव दोनदा उरलेलं दिसलं तर शेजारी लांबी मोजा:

```
=LEN(B2)
```

"8अ" ची लांबी 2 येते. 3 आली तर आत काहीतरी लपलेलं आहे. साफ करण्यासाठी मोकळ्या कॉलममध्ये हा फॉर्म्युला भरा, मग निकाल कॉपी करून B वर फक्त व्हॅल्यू म्हणून चिकटवा:

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," "))
```

नुसता TRIM पुरेल असं वाटतं, पण वेबपेजवरून कॉपी केलेल्या यादीत बऱ्याचदा वेगळ्या जातीची स्पेस येते आणि ती TRIM ला काढता येत नाही. आधी SUBSTITUTE लावला आहे तो त्यासाठी.

सावधान: तुकड्यांना अंक असतील तर "8-1" असं टाइप करू नका. एक्सेल त्याची तारीख करून टाकतो. आधी कॉलमला Text फॉरमॅट देण्यापेक्षा "8अ" किंवा "8A" असं नावच ठेवणं अधिक सुरक्षित.

इयत्ता एका कॉलममध्ये आणि तुकडी दुसऱ्यात असेल तर फक्त तुकडीवर अट लावू नका. 7अ आणि 8अ एकत्र मोजले जातील. दोन्ही कॉलमांची अट द्या, किंवा आधी दोन्ही जोडून एक वर्ग-कॉलम तयार करा. मी दुसरा मार्ग पसंत करते, कारण पुढचे सगळे फॉर्म्युले त्यामुळे आखूड राहतात.

## टप्पा 2: गुण खरोखर संख्या आहेत का ते पाहा

दुसऱ्या प्रोग्राममधून आलेल्या फाइलमध्ये 548 हा आकडा कित्येकदा संख्या नसतो, मजकूर असतो. दिसायला तसाच, पण सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला. इथे COUNTIFS ची चूक विलक्षण असते. त्या मुलाचा स्वतःचा क्रमांक बरोबर येतो, पण बाकीच्यांसाठी तो "जास्त गुण असलेला" म्हणून मोजलाच जात नाही, कारण ">" ची अट आकड्यांशी फक्त खऱ्या संख्यांची तुलना करते.

आपल्या शीटमध्ये 548 मजकूर असता तर तो पहिला आलाच असता आणि 512 वाले दोघंही पहिले आले असते. वेगवेगळे गुण आणि एकच क्रमांक, हे लक्षण दिसलं की संशय इथे घ्या.

```
=COUNTA(D2:D11)-COUNT(D2:D11)
```

COUNTA भरलेले सेल मोजतो आणि COUNT फक्त संख्या. फरक 0 आला पाहिजे. जितका फरक तितके सेल मजकूर आहेत. दुरुस्तीसाठी कॉलम निवडून Data मध्ये Text to Columns उघडा आणि काहीही न बदलता सरळ Finish दाबा. मग फरक पुन्हा बघा. तरीही उरला तर त्या सेलमध्ये बहुधा "गैरहजर" वगैरे शब्द आहेत. त्यांचा बंदोबस्त टप्पा 4 मध्ये करू.

## टप्पा 3: मूळ फॉर्म्युला

E2 मध्ये लिहा:

```
=COUNTIFS($B$2:$B$11,B2,$D$2:$D$11,">"&D2)+1
```

वाचताना असा वाचा: B कॉलममध्ये वर्ग B2 सारखा आहे आणि त्याच ओळीत D मध्ये D2 पेक्षा जास्त गुण आहेत, अशा ओळी मोज. त्यात 1 मिळव. काही संगणकांवर स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम लागतो. फॉर्म्युला स्वीकारला गेला नाही तर आधी तेच करून बघा.

E2 चा कोपरा खाली E11 पर्यंत ओढा. उत्तरं अशी यायला हवीत: 8अ मध्ये 2, 1, 2, 5, 4 आणि 8ब मध्ये 4, 1, 2, 5, 2. सारखे गुण असलेल्यांना एकच क्रमांक मिळतो आणि पुढचा क्रमांक गाळला जातो. 8अ मध्ये दोन दुसरे आहेत, म्हणून तिसरा नाही, थेट चौथा.

इथे होणाऱ्या चार चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात.

$ विसरणं. रेंजला $ नसेल तर खाली ओढताना रेंजही खाली सरकते आणि वरची मुलं मोजणीतून सुटतात. आपल्या शीटमध्ये मग 8अ च्या हजेरी क्रमांक 2, 3 आणि 5 या तिघांनाही 1 मिळेल. उलट अटीतल्या B2 आणि D2 ला $ लावायचं नाही. त्यांनी सरकलंच पाहिजे.

">D2" असं लिहिणं. अवतरणचिन्हात फक्त > हवं, बाहेर & आणि मग D2. सगळंच आत लिहिलं तर एक्सेल D2 हा सेल मानत नाही, "D2" हा शब्द मानतो. त्याच्यापुढे कुणीच सापडत नाही आणि सगळी शाळा पहिली येते.

">=" वापरून +1 काढून टाकणं. सारखे गुण नसतील तोपर्यंत हे बरोबर दिसतं, म्हणूनच फसवतं. 512 वाल्या दोघांना 2 ऐवजी 3 मिळेल.

रेंजची गल्लत. दोन रेंजमध्ये ओळींची संख्या वेगळी असेल तर #VALUE! येतं आणि चूक कळते. पण $B$2:$B$11 सोबत $D$1:$D$10 लिहिलं तर लांबी सारखीच असल्याने एरर येत नाही. प्रत्येकाचा वर्ग वरच्या ओळीतल्या गुणांशी जोडला जातो आणि निकाल नुसताच चुकतो. दोन्ही रेंजची सुरुवात आणि शेवट एकाच ओळीवर आहेत ना, हे एकदा बोट ठेवून बघा.

## टप्पा 4: गैरहजर विद्यार्थी

8ब च्या हजेरी क्रमांक 4 समोर 390 ऐवजी "गैरहजर" लिहून बघा. त्याला पहिला क्रमांक मिळेल. कारण आता अट "गैरहजर या शब्दाच्या पुढचा मजकूर" अशी होते, तसा कुणी नसतो, आणि 0 + 1 = 1. "AB" लिहिलं तरी तेच. प्रगतिपुस्तकं छापल्यावर हे लक्षात येणं फार वाईट, म्हणून फॉर्म्युल्याला आधीच पहारा बसवा:

```
=IF(ISNUMBER(D2),COUNTIFS($B$2:$B$11,B2,$D$2:$D$11,">"&D2)+1,"")
```

D2 मध्ये संख्या असेल तरच क्रमांक, नाहीतर सेल रिकामा. याचा आणखी एक फायदा होतो. टप्पा 2 मधून निसटलेला मजकुरी आकडाही आता रिकाम्या क्रमांकाने स्वतःला उघडं पाडतो. गैरहजर मुलाला 0 भरून वेळ मारून नेऊ नका. तो शेवटचा क्रमांक घेऊन बसेल, आणि परीक्षेला न बसणं आणि शून्य गुण मिळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## टप्पा 5: सारखे गुण असतील तर

आधी नियम ठरवा, मग फॉर्म्युला लिहा. समान गुणांना समान क्रमांक द्यायचा असेल तर इथे काहीच करायचं नाही. गणितात जास्त गुण असलेला पुढे, असा नियम असेल तर आणखी एक मोजणी जोडा: माझ्याच वर्गातले, माझ्याइतकेच एकूण गुण असलेले, पण गणितात माझ्या पुढे असलेले.

```
=IF(ISNUMBER(D2),COUNTIFS($B$2:$B$11,B2,$D$2:$D$11,">"&D2)
+COUNTIFS($B$2:$B$11,B2,$D$2:$D$11,D2,$C$2:$C$11,">"&C2)+1,"")
```

8अ मधल्या 512 वाल्या दोघांपैकी गणितात 88 असलेल्याला 2 आणि 79 असलेल्याला 3 मिळतो. 497 वाला चौथाच राहतो, कारण आता तिसरी जागा भरली आहे. 8ब मधल्या 500 वाल्या दोघींना गणितातही 81 च आहेत, म्हणून त्या दोघी दुसऱ्याच राहतात. ती चूक नाही. तिथे तुमचा नियम संपला. हवं तर याच पद्धतीने आणखी एका विषयाची मोजणी जोडता येते, पण हजेरी क्रमांकावरून फोडू नका. यादीत आधी नाव असणं हे गुण जास्त असणं नव्हे.

काही ठिकाणी 1, 2, 2 नंतर 4 ऐवजी 3 हवा असतो. नुसत्या COUNTIFS ने ते होत नाही, कारण तो माणसं मोजतो आणि इथे वेगवेगळ्या गुणसंख्या मोजायच्या असतात:

```
=SUMPRODUCT(($B$2:$B$11=B2)*($D$2:$D$11>D2)
/COUNTIFS($B$2:$B$11,$B$2:$B$11,$D$2:$D$11,$D$2:$D$11))+1
```

इथे 512 वाले दोघं प्रत्येकी अर्धे मोजले जातात आणि मिळून एक होतात. 8अ मध्ये उत्तर 2, 1, 2, 4, 3 येईल.

सावधान: हा फॉर्म्युला फक्त पूर्ण भरलेल्या, निव्वळ संख्यांच्या कॉलमवर चालवा. रिकाम्या सेलमुळे #DIV/0! येऊ शकतं. आणि थेट > ने तुलना केली की एक्सेल कोणताही मजकूर संख्येपेक्षा मोठा मानतो, म्हणजे एक "गैरहजर" त्या वर्गातल्या प्रत्येकाला एक क्रमांक मागे ढकलतो.

## टप्पा 6: टक्केवारीवर क्रमांक काढत असाल तर थांबा

ही चूक ओळखायला मला सर्वांत जास्त वेळ लागला होता. समजा F कॉलममध्ये टक्केवारी काढली, =D2*100/600, आणि फॉर्म्युल्यात D च्या जागी F घातला. 8अ चे क्रमांक 4, 2, 4, 6, 5 येतील. पहिला कुणीच नाही, आणि पाच मुलांच्या वर्गात सहावा क्रमांक!

कारण & या चिन्हात दडलं आहे. ">"&F3 लिहिलं की संख्येचा मजकूर होतो आणि त्यात फक्त 15 अंक मावतात. 548 चे टक्के 91.3333… असे न संपणारे आहेत. मजकुरात ते 91.3333333333333 वर तुटतात आणि सेलमधली मूळ किंमत त्याहून किंचित मोठी राहते. म्हणजे तो मुलगा स्वतःलाच स्वतःच्या पुढे मोजतो. 8ब मध्ये 500 वाल्या दोघी, म्हणजे 83.3333… टक्के, अशाच एकमेकींना आणि स्वतःला मोजून 2 वरून 4 वर जातात. सेलला दोन दशांश दाखवायला सांगितलं तरी फरक पडत नाही, कारण बदलतं ते फक्त दिसणं.

उपाय म्हणजे टक्केवारी काढतानाच गोल करा:

```
=ROUND(D2*100/600,2)
```

आणि सगळ्यांची परीक्षा सारख्याच गुणांची असेल तर टक्केवारीच्या नादी न लागता सरळ एकूण गुणांवर क्रमांक काढा.

## टप्पा 7: तपासणी आणि गोठवणं

प्रत्येक वर्गात पहिले किती आहेत ते मोजा:

```
=COUNTIFS($B$2:$B$11,"8अ",$E$2:$E$11,1)
```

साधारणपणे 1 यावा. 0 आला तर टप्पा 6 पुन्हा वाचा. 2 किंवा जास्त आले तर त्या मुलांचे गुण खरंच सारखे आहेत का ते बघा. गुण वेगळे असूनही दोघं पहिले असतील तर कारण बहुधा तीनपैकी एक असतं: मजकुरी आकडा, वर्गनावातली स्पेस, किंवा रेंजच्या बाहेर राहिलेली ओळ.

ही तिसरी शक्यता नव्या प्रवेशांच्या वेळी येते. ओळ 12 मध्ये नवीन मुलगी लिहिली आणि फॉर्म्युला खाली ओढला तर तिला स्वतःचा क्रमांक बरोबर मिळतो, पण रेंज 11 वरच थांबलेली असल्याने बाकीच्यांच्या मोजणीत ती येत नाही. नवीन ओळ यादीच्या शेवटी न जोडता मधे कुठेतरी Insert केली तर रेंज आपोआप वाढते. किंवा सुरुवातीपासूनच रेंज 500 व्या ओळीपर्यंत ठेवा. टप्पा 3 ते 5 मधल्या COUNTIFS ला रिकाम्या ओळींचा त्रास होत नाही. SUMPRODUCT वाल्याला मात्र होतो.

शेवटी वर्ग आणि क्रमांकानुसार सॉर्ट करून एखादा वर्ग वरपासून खालपर्यंत डोळ्यांनी वाचा. गुण उतरत गेले पाहिजेत आणि क्रमांक चढत. फाइल पुढे पाठवण्याआधी E कॉलम कॉपी करून त्याच जागी Paste Special मधून Values निवडून चिकटवा. नाहीतर पुढच्या माणसाने एखाद्याचं नाव वगळलं की क्रमांक त्याच्या नकळत बदलतील. फॉर्म्युले असलेली मूळ प्रत स्वतःकडे ठेवा, कारण पुनर्तपासणीत एखाद्याचे गुण बदलले तर दुरुस्ती तिथेच करायची असते.